जुन्या कागदांतील विशेषणांचे अंत्य वर्ण व त्यांची पडताळणी

जुना कागद वाचणाराचें लक्ष साहजिकच नांवें, तिथी, रकमा आणि चतुःसीमा यांवर खिळलेलें असतें. विशेषणें त्याच्या दृष्टीनें भरतीचीं. ‘थोरला’, ‘धाकटा’, ‘जुना’, ‘नवा’ हे शब्द अर्थाला सोपे असल्यामुळें ते वाचले म्हणजे काम संपलें असें वाटतें, आणि त्यांच्या शेवटीं काना आहे, मात्रा आहे कीं वेलांटी आहे याची चौकशी नक्कल करतांना फारशी होत नाहीं. वस्तुतः नामाचें लिंग व वचन जेथें नामावरून कळत नाहीं, तेथें तें सांगणारा साक्षीदार बहुधा हें शेवटचें अक्षरच असतें. ‘काळा बैल’ व ‘काळे बैल’ यांत बैल एक कीं अनेक हें ‘बैल’ हा शब्द सांगत नाहीं. तें विशेषणाच्या कान्यामात्रेवरून ठरतें. हा साक्षीदार केव्हां विश्वसनीय, केव्हां मुका आणि केव्हां दुसऱ्यानें पढविलेला, हें ओळखण्याची रीत थोडक्यांत मांडण्याचा येथें विचार आहे.

लिंगवचनाप्रमाणें बदलतात तीं विशेषणें आकारान्त. पुल्लिंगीं ‘मोठा’ व ‘मोठे’, स्त्रीलिंगीं ‘मोठी’ व ‘मोठ्या’, नपुंसकलिंगीं ‘मोठें’ व ‘मोठीं’, अशीं त्यांचीं सहा रूपें होतात. या सहांपैकीं नपुंसकलिंगाचीं दोन रूपें इतरांपासून वेगळीं ठेवणारें चिन्ह म्हणजे केवळ एक अनुस्वार. तो गेला कीं सहांचीं चारच रूपें उरतात. ‘मोठे’ हें पुल्लिंगी अनेकवचन कीं नपुंसकलिंगी एकवचन, आणि ‘मोठी’ हें स्त्रीलिंगी एकवचन कीं नपुंसकलिंगी अनेकवचन, हें रूपावरून सांगतां येत नाहीं. हा अनुस्वार पंतोजींनीं हौसेनें लावलेला नाहीं. संस्कृतांतील नपुंसकलिंगी ‘-कम्’ पासून प्राकृतद्वारा आपलें ‘-एं’ आलें आणि ‘-कानि’ पासून ‘-ईं’ आलें. मूळच्या मकार-नकाराचा तो अवशेष आहे. गोमंतकांत कोंकणी बोलणाराच्या तोंडीं ‘बरें’, ‘बरीं’ यांतील अनुनासिक आजही स्पष्ट ऐकूं येतें. देशावर तें बोलण्यांतून नाहींसें झालें, तरी आपण ‘मोठं घर’ असें जें म्हणतों त्यांत नपुंसकलिंगाचा निराळा उच्चार टिकून आहेच.

आतां कागदाकडे वळूं. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढून तिला अक्षरें लोंबवीत जातो; शब्दांमध्यें जागा सोडीत नाहीं; इकाराची वेलांटी व उकार हे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न करतां एकेकच वापरतो; आणि अनुस्वार देण्याविषयीं तर पुष्कळसा उदासीन असतो. म्हणजे जें चिन्ह सहा रूपें वेगळीं ठेवतें तेंच मोडींत सर्वांत आधीं गळतें. बालबोध पोथ्यांत परिस्थिति थोडी बरी, पण तेथेंही लेखकागणिक फरक आहे. छापील ग्रंथांत एकोणिसाव्या शतकापासून हा अनुस्वार पुष्कळसा नियमितपणें दिसूं लागतो, तो मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम इ. स. १९६२ मध्यें मान्य होऊन अनुच्चारित अनुस्वार वगळले जाईपर्यंत. त्यानंतर छापलेल्या पुनर्मुद्रणांत मूळ प्रतींतील अनुस्वारही नव्या नियमाप्रमाणें काढलेला असण्याचा संभव असतो. सबब, विशेषणाच्या अंत्य वर्णावर कांहीं मुद्दा उभारावयाचा असल्यास पुनर्मुद्रण हातीं न घेतां जुनी छापील प्रत, आणि शक्य तर मूळ कागदच, पाहिला पाहिजे. प्रस्तुत लेखांत जुनें लेखन मुद्दाम ठेविलें आहे. ज्या चिन्हाविषयीं बोलावयाचें तेंच वगळून बोलणें अडचणीचें झालें असतें.

पडताळणीचें पहिलें काम विशेषणाकडे न पाहतां लेखकाच्या हाताची संवय पाहणें हें होय. जेथें अनुस्वार अपेक्षित आहे याबद्दल संशयच नाहीं असे शब्द घ्यावेत: ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘येथें’, ‘-नें’ हा प्रत्यय, ‘गांवांत’, ‘घरांत’ यांसारखीं सप्तमीचीं रूपें. कागदाच्या आरंभापासून असे वीस-पंचवीस शब्द काढून किती ठिकाणीं अनुस्वार दिला आहे तें मोजावें. एकाही ठिकाणीं नसेल, तर हा लेखक अनुस्वार देतच नाहीं. मग त्यानें ‘मोठे’ लिहिलें यावरून पुल्लिंगी अनेकवचन सिद्ध होत नाहीं. बहुतेक ठिकाणीं असेल, तर ‘मोठे’ येथें अनुस्वार नाहीं याला कांहीं किंमत आहे. निम्म्या ठिकाणीं असेल, तर अनुस्वार असणें हा पुरावा धरावा, नसणें हा धरूं नये. ही मोजदाद अर्ध्या घटकेचें काम आहे, आणि ती न करतां केलेले सर्व तर्क हवेंत राहतात.

दुसरें काम असें कीं, विशेषण एकटें वाचूं नये. मराठी वाक्यांत एकाच नामाशीं जुळणारे शब्द बहुधा तीन-चार असतात: दर्शक सर्वनाम, षष्ठीचें रूप, विशेषण आणि क्रियापद. यांपैकीं एकाचें रूप संदिग्ध असलें तरी दुसऱ्याचें असतेंच असें नाहीं. रीत नीट कळावी म्हणून पुढील ओळ घेऊं. ती कोणत्याही अस्सल कागदांतील नाहीं, वाटणीच्या कागदांच्या धर्तीवर मुद्दाम रचलेली आहे. पण असा मजकूर ज्यांनीं वाचला आहे त्यांस ती परकी वाटूं नये.

‘थोरलावेगळाजालाधाकटीदोघेचुलत्यापासीराहिलीत्याचेअन्नवस्त्रचुलत्यानेचालवावे’

पहिल्या तीन शब्दांत अडचण नाहीं. ‘थोरला वेगळा जाला’: तिन्ही ठिकाणीं काना आहे, म्हणून पुल्लिंगी एकवचन, थोरला मुलगा वेगळा झाला. पुढें ‘धाकटी’ येतें. वेलांटी पाहून घाईनें वाचणारा येथें एक धाकटी मुलगी किंवा धाकटी बायको उभी करतो, आणि ‘दोघे’ हा शब्द पुढच्या चुलत्यांना जोडून ‘धाकटी ही दोघा चुलत्यांपाशीं राहिली’ असा अर्थ लावतो. क्रियापद ‘राहिली’ असल्यामुळें हा अर्थ त्याला जुळतोही. परंतु तो टिकत नाहीं. ‘पासी’ हें शब्दयोगी अव्यय लागलेल्या नामाबरोबर ‘दोघे’ हें रूप येत नाहीं, ‘दोघां’ येतें. अनुस्वार गळला तरी ‘दोघा’ असा काना राहिला असता. येथें मात्रा आहे. शिवाय पुढें ‘चुलत्याने’ असें एकवचन आहे, म्हणजे चुलता एकच. आणि तिसरें, एका बाईविषयीं बोलणें असतें तर पुढें ‘तिचे अन्नवस्त्र’ आलें असतें. कागदांत ‘त्याचे’ आहे. म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन तीन ठिकाणीं अडखळतें.

तेव्हां ‘दोघे’ हा शब्द ‘धाकटी’ याच्याशीं जोडला पाहिजे. जोडला कीं दुसरा मोह उत्पन्न होतो. ‘दोघे’ हें पुल्लिंगी अनेकवचन आपल्या परिचयाचें. म्हणून वेलांटी ही लेखकाची चूक समजून ‘धाकटे दोघे’ अशी दुरुस्ती सुचते, आणि वंशावळींत थोरल्याखालीं दोन धाकटे मुलगे मांडले जातात. या दुरुस्तीला मोल द्यावें लागतें तें असें: ती केल्यावर ‘राहिली’ याचेंही ‘राहिले’ करावें लागतें. म्हणजे एकाच वाक्यांत एकाच जातीची चूक लेखकानें दोनदां केली असें मानावें लागतें. दोन ठिकाणीं एकमेकांशीं जुळणारी चूक ही बहुधा चूक नसते. धाकट्या दोन मुली असत्या तर ‘धाकट्या दोघी राहिल्या’ असें झालें असतें, तेंही नाहीं. उरलें तें एकच रूप, नपुंसकलिंगी अनेकवचन: ‘धाकटीं दोघें चुलत्यापासीं राहिलीं, त्यांचें अन्नवस्त्र चुलत्यानें चालवावें.’ या वाचनांत एकही अक्षर बदलावें लागत नाहीं. फक्त लेखकानें सर्वत्रच गाळलेले अनुस्वार मनांत भरावे लागतात. हीच या वाचनाची खरी कसोटी होय.

आतां यावरून सिद्ध काय झालें? भिन्न लिंगी व्यक्तींचा एकत्र उल्लेख करतांना मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते. ‘नवरा व बायको आलीं’, ‘बहीणभाऊ गेलीं’. तेव्हां धाकटीं दोघें म्हणजे एक मुलगा व एक मुलगी असण्याचा संभव बळकट आहे. परंतु तितकेंच सिद्ध आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं, कारण लेखकाच्या मनांत ‘मुलें’ किंवा ‘लेंकरें’ हा नपुंसकलिंगी शब्द असेल तर दोन लहान मुलगेही ‘धाकटीं दोघें’ होतात. निश्चयानें सांगतां येतें तें एवढेंच कीं, या ओळीच्या आधारें ‘दोन धाकटे मुलगे’ असें वंशावळींत लिहिणें निराधार आहे. अधिक हवें असेल तर त्याच दप्तरांत पुढें ‘दोघांस’ येतें कीं ‘दोघींस’, लग्नखर्चाची बाब निघते काय, सही-निशाणीला कोण येतो, हें शोधावें. ‘दोघांस’ मिळालें तरी प्रश्न सुटत नाहीं, कारण प्रत्यय लागल्यावर पुल्लिंग व नपुंसकलिंग एकरूप होतात. ‘दोघींस’ मिळालें तरच कांहीं नवें कळतें. भाऊबंदकीच्या कागदांत बायकामुलींचीं नांवें सहसा येत नाहींत. त्यांच्या अस्तित्वाची एवढीच खूण शिल्लक असावी आणि तीही नक्कल करणारानें मात्रा देऊन पुसून टाकावी, असें होऊं देतां कामा नये.

नक्कलकाराच्या हातून होणारी दुरुस्ती ओळखण्याचें साधनही याच जुळणींत आहे. कांहीं नामांचें लिंग मराठींत एकच नाहीं, आणि अशा नामापाशीं नक्कलकार आपल्या गांवची संवय मूळ कागदावर लादतो. ‘बाग’ हा शब्द घ्या. तो पुल्लिंगीही चालतो व स्त्रीलिंगीही. मुळांत ‘नवा बाग लाविला’ असेल आणि नक्कलकाराच्या तोंडीं ‘बाग’ स्त्रीलिंगी बसलेला असेल, तर तो ‘नवी बाग’ लिहून जातो. विशेषण नामाला लागून असल्यामुळें तें हातासरसें बदलतें. क्रियापद मात्र दूर असतें, मधें चार शब्द गेलेले असतात, आणि तेथपर्यंत पोंचतांना तो पुन्हां मुळाकडे पाहून अक्षरें उतरूं लागलेला असतो. परिणामीं ‘नवी बाग विहिरीचे उत्तरेस लाविला’ असें अर्धवट रूप तयार होतें. असें वाक्य भेटल्यास क्रियापद मुळांतलें व विशेषण नकलेंतलें, असें धरून चालण्यास हरकत नाहीं. उलट, दोन्ही पुल्लिंगी किंवा दोन्ही स्त्रीलिंगी असतील तर त्यावरून कांहींच निघत नाहीं. पडताळा पाहण्यास आणखी एक जागा आहे: प्रत्यय लागतांना पुल्लिंगी ‘बाग’ चें ‘बागास’, ‘बागांत’ होतें, स्त्रीलिंगीचें ‘बागेस’, ‘बागेंत’. हा भेद काना व मात्रा यांचा असल्यामुळें अनुस्वार गळला तरी टिकतो. नामाचें लिंग त्या काळीं काय होतें हें ठरवितांना आपल्या कानावर विसंबण्यापेक्षां मोल्सवर्थ साहेबाचा कोश (इ. स. १८३१, दुसरी आवृत्ति १८५७) पाहावा. त्यांत प्रत्येक नामाचें लिंग दिलें आहे, आणि पेशवाईच्या अखेरच्या भाषेला तो आपल्यापेक्षां पुष्कळ जवळ आहे.

बागेचाच विषय निघाला आहे म्हणून एक लहान उदाहरण जोडतों. ‘केळ’ हें झाड स्त्रीलिंगी, त्याचें अनेकवचन ‘केळी’. ‘केळें’ हें फळ नपुंसकलिंगी, त्याचें अनेकवचन ‘केळीं’. अनुस्वार गळला कीं झाडें व फळें दोन्ही ‘केळी’. येथें नामानें घोटाळा केला तो विशेषण सोडवितें: ‘नव्या केळी’ हीं झाडें, ‘हिरवी केळी’ हीं फळें. बागाच्या हिशेबांत उत्पन्न कोणतें व लावणी कोणती हें ठरविण्यास एवढें पुरतें.

यापुढें एक खड्डा आहे, आणि त्यांत उत्साही संपादक हटकून पडतात. कागदांतील ‘चे’ हें रूप जेथें दिसेल तेथें अनुस्वार द्यावयाचा, अशी कांहींची समजूत असते. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदांत प्रत्यय लागलेल्या नामापूर्वीं ‘च्या’ प्रमाणेंच ‘चे’ हेंही रूप सर्रास येतें, आणि तें नामाच्या लिंगाकडे पाहत नाहीं: ‘देवाचे पूजेस’, ‘सरकारचे कामास’, ‘गांवचे पाटलांनीं’. साध्या विशेषणांतही हेंच, ‘चांगले रीतीनें’. ‘पूजा’ स्त्रीलिंगी म्हणून हें ‘चे’ चूक ठरत नाहीं, आणि ‘काम’ नपुंसकलिंगी म्हणून ‘सरकारचें कामास’ असा अनुस्वारही देतां येत नाहीं. पाहावयाचें एवढेंच कीं, पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलें आहे काय. ‘देवाचे घर’ असेल तर नाम प्रत्ययरहित आहे, म्हणून ‘देवाचें घर’; ‘देवाचे घरास’ असेल तर ‘चे’ तसेंच ठेवावें. अशा ठिकाणीं विशेषण लिंगवचनाबद्दल साक्ष देतच नाहीं, म्हणून त्याला कांहीं विचारूंही नये. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण इ. स. १८३६ मध्यें निघालें. त्यापूर्वींच्या कारकुनाला त्या व्याकरणानें नापास करण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. एखाद्या जुन्या म्हणविणाऱ्या कागदांत ‘च्या’ एकजात येत असेल आणि ‘चे’ औषधालाही नसेल, तर नक्कल अलीकडची असावी असा संशय घेतां येईल. पण ‘च्या’ जुन्या लेखनांतही आहे, तेव्हां या एका खुणेवर कागद खोटा ठरवूं नये.

मान्य व्यक्तींविषयीं आदरार्थी बहुवचन येतें हें सर्वांस ठाऊक आहे. तरी ‘थोरले’ या शब्दावरून माणसें मोजतांना तें विसरलें जातें. ‘थोरले पंत आले’ यांत पंत एकच असूं शकतात. तसेंच ‘रवाना’, ‘जमा’, ‘वजा’, ‘जादा’ हे फारशी वळणाचे शब्द आकारान्त दिसले तरी बदलत नाहींत. ‘पत्रें रवाना केलीं’ यांत ‘रवाना’ पाहून ‘पत्रें’ या वाचनाबद्दल शंका घेणें व्यर्थ होय.

राहतां राहिली छापण्याची रीत. माझ्या मतें नकलेंत अनुस्वार गुपचूप भरूं नये, आणि गुपचूप गाळूंही नये. मुळांत जें आहे तें तसेंच उतरावें. संपादकास अनुस्वार हवासा वाटेल तेथें तो चौकटी कंसांत द्यावा, ‘धाकटी[ं] दोघे[ं]’ असा. आणि मात्रा किंवा वेलांटी बदलावीशी वाटल्यास ती मजकुरांत न बदलतां टिपेंत सुचवावी. कारण अनुस्वार भरणें हें लेखकाच्या संवयीचें भाषांतर आहे, मात्रा बदलणें ही त्याच्या साक्षींत ढवळाढवळ आहे. दोहोंस एकाच कंसांत बसविणें योग्य नाहीं. जेथें लिंगवचनाचा निर्णय होत नाहीं तेथें कंसही देऊं नये. ‘मोठे’ असेंच ठेवून खालीं दोन्ही वाचनें लिहावीं. प्रस्तावनेंत लेखकाच्या अनुस्वाराची मोजदाद दोन ओळींत दिली, म्हणजे पुढील वाचकास आपला तर्क स्वतः तपासून पाहतां येतो. ज्यांच्या संग्रहीं एकाच कागदाची अस्सल व नक्कल अशी जोडी असेल, त्यांनीं दोहोंतील फक्त आकारान्त विशेषणें व त्यांचीं क्रियापदें समोरासमोर मांडून पाहावीं. नक्कलकाराचा हात कोठें कोठें फिरला तें एका बैठकींत दिसूं लागतें.